दर तेवीस तासांनी

ऑफिसात तिला सगळे ‘भिंगताई’ म्हणत. तिच्या टेबलावर एक जुनं, दांडा सैल झालेलं भिंग असायचं, पण नाव पडलं ते तिच्या डोळ्यांवरून. एखाद्या ओळीत अनुस्वार कमी असला, तर तो तिला पान उलटताना जाणवायचा. त्या छोट्या प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधनाचं काम ती बावीस वर्षं करत होती. आरोग्य, बालसंगोपन, शेजघरातल्या रुग्णाची सेवा असली साधी, उपयोगी पुस्तकं ते लोक काढत. तीन टेबलं, एक कपाट, खिडकीशी चहाची किटली आणि दहा मिनिटांच्या चालीवर छापखाना, एवढा सगळा पसारा.

स्वभावानं ती धास्तीखोर होती. गॅस बंद केल्यावर एकदा दारातून मागे येऊन बघायची आणि जिन्यात पोचल्यावर ‘आपण नक्की पाहिलं ना’ असं स्वतःलाच विचारायची. नवरा म्हणायचा, “तुला काळजी करायला काही मिळालं नाही, तर त्याचीही तू काळजी करशील.” ती हसायची, पण मनातून तिला वाटायचं की या काळजीनंच आपलं काम नीट होतंय. बावीस वर्षांत तिच्या हातून छापून गेलेल्या चुका तिला आठवत होत्या. चार होत्या, आणि चारही पानांचे क्रमांक तिला पाठ होते.

त्या महिन्यात मेट्रनबाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती. मेट्रनबाई म्हणजे एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा कशी करावी, यावर त्यांनी खिशात मावेल असं अरुंद, जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. पहिली आवृत्ती संपली. नव्या आवृत्तीसाठी मूळ फाइल उघडायला गेले, तर जुना संगणक केव्हाच मोडीत गेला होता. उरली होती ती फक्त छापायला पाठवलेली पीडीएफ.

“त्यात काय, कॉपी करून वर्डमध्ये टाका,” असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे संस्थेचे मालक, भले गृहस्थ, पण हिशेबापलीकडचं काम त्यांना नेहमी चुटकीसरशी होणारं वाटायचं. “सोमवारी त्यांचं शिबिर आहे. घरी रुग्ण सांभाळणारी चारशे माणसं येणार आहेत. पुस्तक हातात पडलंच पाहिजे.”

भिंगताईनं मजकूर कॉपी केला आणि वर्डमध्ये टाकला. छापील पानावर जिथे जिथे ओळ संपली होती, तिथे तिथे इथेही ओळ तुटली होती. एक परिच्छेद म्हणजे एकाखाली एक नऊ तुटक ओळी. पुस्तक अरुंद असल्यानं शब्दही मध्येच चिरले होते. ‘स्वच्छ-’ एका ओळीत, ‘तेसाठी’ पुढच्या ओळीत. ‘औष-’ वर, ‘धांच्या’ खाली. वर पानाचे आकडे वाक्यांत येऊन बसलेले. ‘रुग्णाला कोमट ४१ पाणी द्यावे’ असं वाचून तिला हसू आलं.

शेजारच्या टेबलावरचा मांडणीकार उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याला सगळे ‘शॉर्टकट’ म्हणत. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, माउसला हात न लावता कीबोर्डवरून सगळं पळवणारा.

“हातानं करत बसू नका, ताई. दोन आठवडे जातील. रिप्लेस ऑल मारा.”

“सगळं एकदम बदलणं मला भीतीचं वाटतं.”

“भीती कसली? क्रम चुकवायचा नाही, एवढंच. आधी ओळीच्या शेवटी हायफन असेल, तर हायफन आणि ओळतोड दोन्ही पुसून टाका, म्हणजे चिरलेले शब्द जुळतील. हे नंतर केलंत, तर मध्ये जागा राहील आणि ‘औष धांच्या’ असंच राहील. मग उरलेल्या ओळतोडींच्या जागी एक मोकळी जागा. झालं.”

“आणि खरे परिच्छेद? ते कसे ओळखू येतील त्याला? तेही जुळून एक मोठ्ठी लांब लापशी होईल.”

शॉर्टकटनं स्क्रीनवरच्या ओळींवर नजर फिरवली. “हे बरोबर आहे. कॉपी करताना परिच्छेदाची खूण राहिलेली नाही. तुम्ही खऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आधी काहीतरी वेगळी खूण टाका, दोन चौकटी वगैरे, जी मजकुरात कुठेच नसेल. मग बदल करा, आणि शेवटी त्या खुणांच्या जागी परिच्छेद परत आणा.”

तिनं तसंच केलं. पण त्याआधी तिनं तो कॉपी केलेला ओबडधोबड मजकूर ‘कच्चा, हात लावू नये’ अशा नावानं वेगळा जपून ठेवला. हा तिचा जुना रिवाज होता. घरी ती रिकामे डबेसुद्धा टाकत नसे.

दोन दिवस एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला वर्ड ठेवून ती खुणा टाकत गेली आणि वाटेतले पानांचे आकडे उचलून काढत गेली. याद्यांमधल्या, औषधांच्या वेळांमधल्या ओळी तुटलेल्याच राहायला हव्या होत्या, त्यांच्याही शेवटी खुणा घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिला बदल चालवला. स्क्रीनवर एक चौकट उमटली, ‘१,१२६ बदल झाले.’ पाठोपाठ दुसरा बदल. पुस्तक डोळ्यांदेखत नीट झालं. चिरलेले शब्द सांधले गेले, ओळी एकमेकींत मिसळल्या, परिच्छेद आपापल्या जागी उभे राहिले. तिला वाटलं, कुणीतरी विस्कटलेलं कपाट एका फटक्यात लावून दिलं.

“बघा,” शॉर्टकट म्हणाला.

“देव तुझं भलं करो,” ती म्हणाली, आणि खरंच म्हणाली.

मग तिनं संपादनाला सुरुवात केली. मेट्रनबाईंची नवी दोन प्रकरणं त्यात घातली, वाक्यं सैल होती ती घट्ट केली. बुधवारी संध्याकाळी तिनं एक प्रत छापून घेतली ती मोठ्या जाऊसाठी.

मोठी जाऊ तिच्या सासऱ्यांना सांभाळत होती. सासरे सात महिने अंथरुणाला होते. जाऊ दिवसातून कितीतरी वेळा त्यांची कूस बदले, रात्री गजर लावून उठे. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, आणि तक्रार म्हणून तिनं कधी एक शब्द काढला नव्हता. “वहिनी, हे नवं पुस्तक यायचंय. तोवर ही पानं वापरा. यात सगळं सोपं करून सांगितलंय,” असं म्हणून भिंगताईनं ती पानं दिली. जाऊनं ती छातीशी धरली, जणू कुणी सोबतीला माणूस दिला होता.

शुक्रवारी दुपारी मेट्रनबाईंनी प्रूफ पाहून हिरवा कंदील दिला. जुनी प्रकरणं त्यांनी तोंडपाठ असल्यासारखी चाळली आणि नव्या दोन प्रकरणांवर नजर ठेवली. फाइल छापखान्यात गेली.

शनिवारी सकाळी नऊला जाऊचा फोन आला. भिंगताई केस विंचरत होती.

“अगं, मला एक विचारायचंय. तू रागावू नकोस हं.”

“विचारा ना वहिनी.”

“मी उगाचच इतके महिने उठत होते का गं? तुझ्या पानांत तर लिहिलंय, दर तेवीस तासांनी कूस बदलावी. मी दोन-दोन तासांनी बदलत होते. गुरुवारपासून मी दिवसातून एकदाच बदलते बाबांची कूस. दोन रात्री सलग झोपले, खरं सांगते, मला वाटलं हे पुस्तक माझ्यासाठीच लिहिलंय. पण आज सकाळी त्यांच्या कमरेखाली लाल चट्टा दिसतोय. ते असं चालतं का सुरुवातीला?”

भिंगताईच्या हातातला कंगवा तिथेच राहिला. तेवीस? दोन ते तीन. २-३. तिच्या डोळ्यांसमोर अरुंद पान आलं. ओळीच्या शेवटी ‘दर २-’, पुढच्या ओळीत ‘३ तासांनी’. आणि शॉर्टकटनं सांगितलेला तो पहिला बदल आठवला. ओळीच्या शेवटची हायफन पूस, ओळतोड पूस. संगणकाला ‘औष-’ आणि ‘२-’ यांतला फरक कुणी सांगितला होता? त्यानं दोन आणि तीन जोडून इमानेइतबारे तेवीस केले होते.

“वहिनी,” ती म्हणाली, “आत्ताच्या आत्ता बाबांची कूस बदला. दोन ते तीन तासांनी आहे ते. चूक माझी आहे. पुस्तकात माझी चूक झालीय.”

पलीकडून जाऊ म्हणाली, “अगंबाई.” इतकंच. ओरडली नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

भिंगताईनं घाईघाईनं मेट्रनबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनी एकही प्रश्न फुकट विचारला नाही. “चट्ट्यावर बोट दाबायला सांगा. दाबून सोडल्यावर पांढरा पडून परत लाल होतो का? होत असेल तर कातडी अजून जिवंत आहे, दाब काढला की उतरेल. त्या कुशीवर झोपवायचंच नाही. चोळायचं तर मुळीच नाही. आणि डॉक्टरांना आज दाखवा.” मग लगेच, “आणि छपाई थांबवा.”

तिनं जाऊला पुन्हा फोन लावला. जाऊनं बोट दाबलं. पांढरं पडलं, परत लाल झालं. भिंगताईनं हे ऐकलं आणि तिला आपण रस्त्यातच चपला घालतोय हे कळलं.

छापखान्यात मशीन सुरू होतं. छपाई सांभाळणाऱ्या काकांच्या हाताला शाई लागलेली होती. “दोन फर्मे उतरले,” ते म्हणाले. “तिसरा चढवतोय.” फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. भिंगताई म्हणाली, “थांबवा, काका. मी सांगेपर्यंत पुढचं काही उतरवू नका.” त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता बटण दाबलं.

ऑफिसात शॉर्टकट आधीच आला होता, तिनंच बोलावलं होतं. तिनं त्याला झालं ते सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

“मीच सांगितलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला.

“चालवलं मी. वाचलंही मीच.”

“पण तुम्ही नीट वाचलं असेल ना...”

“तेच तर! वाचलं. ‘दर तेवीस तासांनी’ वाचलं, आणि त्यात काही अडखळण्यासारखं नव्हतंच. ‘औष धांच्या’ असं असतं तर मला लगेच टोचलं असतं. चिरलेला शब्द ओरडतो. जुळलेला आकडा गप्प बसतो.”

मग तिनं ‘कच्चा, हात लावू नये’ ही फाइल उघडली. ती उघडली नसती, तर पुढचे तीन दिवस ते डोक्याला हात लावून बसले असते, कारण दुरुस्त फाइलमध्ये कोणता आकडा जोडला गेलाय याची खूणच उरली नव्हती. पण कच्च्या मजकुरात अजून सगळ्या तुटक ओळी होत्या. शॉर्टकटनं शोधाच्या चौकटीत खास पद्धतीनं लिहिलं: शून्य ते नऊपैकी कोणताही आकडा, मग हायफन, मग ओळीचा शेवट. एंटर दाबलं.

अकरा जागा निघाल्या.

भिंगताई एकेक जागेचा मागचा-पुढचा शब्द बघून तीच जागा नव्या फाइलमध्ये शोधत गेली. ‘जेवणानंतर १-२ चमचे’ याचं ‘१२ चमचे’ झालं होतं. ‘५-१० मिनिटे पाय उंच ठेवावेत’ याचं ‘५१०’. ‘१००-१५० मिली’ याचं ‘१००१५०’, हे तर कुणालाही हास्यास्पद वाटलं असतं, तरीही तिच्या नजरेतून ते सुटलं होतं, कारण ती नवं प्रकरण संपवायच्या घाईत होती. ‘३-४ दिवसांत बरे न वाटल्यास’ हे ‘३४ दिवसांत’ झालं होतं. तिनं चौतीस पुन्हा वाचलं. महिनाभर वाट पाहणारी एक अनोळखी बाई तिला डोळ्यांसमोर दिसली. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

“पाणी घ्या,” शॉर्टकट म्हणाला.

“नको. पुढे चल.”

साहेब अकराच्या सुमारास आले. भिंगताईनं उभं राहून सांगितलं. शॉर्टकटचं नाव घेतलं नाही. पण शॉर्टकटनं स्वतःच मधे सांगितलं, “साहेब, बदलाची युक्ती माझी होती. फक्त अक्षरानंतरचीच हायफन पुसा, असं मी सांगायला हवं होतं.” साहेबांनी दोघांकडे पाहिलं. छापलेल्या दोन फर्म्यांचा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता.

“दुसऱ्या फर्म्यात त्यातल्या दोन-तीनच चुका आहेत, तेवीस तासांची धरून. एक शुद्धिपत्र छापून आत घातलं तर? बाकीचं सुधारून घ्या, सोमवार गाठता येईल.”

मेट्रनबाईंना फोनवर घेतलं. साहेबांनी त्यांना शुद्धिपत्राचं विचारलं.

“साहेब, मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. शुद्धिपत्र कुणी वाचत नाही. ती चिठ्ठी पहिल्या दिवशी गळून पडते. आणि ज्या घरात ते पुस्तक उशाशी असेल, तिथे कूस बदलायची वेळ वाचणारी बाई रात्री झोपेत वाचते. पुस्तक सोमवारी नाही मिळालं, तर मी शिबिरात तोंडानं शिकवेन. त्यात माझा दम जातो, रुग्णाची कातडी जात नाही.”

साहेबांनी छापखान्याला तो फर्मा बाद करायला सांगितलं. कुणी चढ्या आवाजात बोललं नाही. भिंगताईला वाटत होतं की कुणीतरी रागावून मोकळं व्हावं, म्हणजे तिला थोडं हलकं वाटेल. ते झालं नाही.

शनिवारी दुपारभर आणि रविवारी सकाळी दोघं समोरासमोर बसले. शॉर्टकट जुनी पीडीएफ उघडून त्यातले आकडे मोठ्यानं वाचायचा आणि भिंगताई नव्या प्रूफावर एकेका आकड्याखाली पेन्सिलीची टिंबं ठेवत जायची. शब्द कुणीच वाचत नव्हतं, फक्त आकडे आणि त्यांची मापं. अकराही सुधारलेल्या जागा बरोबर निघाल्या. तिला वाटलं, आता उठावं. पण धास्तीखोर माणसाला अजून एक पान राहिलंय असं नेहमीच वाटतं, आणि या वेळी खरंच राहिलं होतं.

शेवटचं परिशिष्ट. ते मेट्रनबाईंनी पहिल्या आवृत्तीच्या वेळीच एका इंग्रजी तक्त्यावरून घेतलं होतं, त्यामुळे त्यातले आकडे इंग्रजी होते.

“लघवीची पिशवी भरली का, हे दर एक ते दोन तासांनी पाहावे,” शॉर्टकट वाचत होता.

भिंगताईच्या प्रूफावर होतं, ‘दर 12 तासांनी’.

“थांब,” ती म्हणाली. “आपला शोध मराठी आकड्यांचा होता.”

त्यानं शोधात इंग्रजी आकडे घातले. आणखी दोन जागा निघाल्या. ही एक तर त्यातलीच होती. दुसरी किरकोळ होती, ‘5-6 थेंब’चं ‘56 थेंब’, पण भिंगताईला त्यातलं काही किरकोळ वाटेना. ती उठून बाहेर जिन्यात गेली, कठड्याला धरून उभी राहिली. पुन्हा आत येऊन तिनं परिशिष्ट पहिल्यापासून वाचायला घेतलं.

रविवारी दुपारी ती जाऊकडे गेली. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की वेळेवर लक्षात आलं. सासरे डाव्या कुशीवर होते, पाठीमागे उशी. जाऊ किचनमध्ये होती. भिंगताई तिच्या जवळ जाऊन उभी राहिली. काय म्हणायचं ते वाटेतल्या पन्नास पावलांत तिनं घोळून ठेवलं होतं.

“वहिनी, तुम्ही मला माफ...”

“बस जरा,” जाऊ म्हणाली. “दोन वाजता त्यांना उजव्या कुशीवर घ्यायचंय. एकटीला जड जातं.” मग तिच्याकडे न बघता, “मला वाईट वाटलं ते पुस्तकाचं नाही गं. त्या दोन रात्री मी खूश होऊन झोपले, त्याचं वाईट वाटतं.”

“यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.”

“माहीत आहे. तरी वाटतं.”

दोन वाजता दोघींनी चादर धरली, एक-दोन-तीन म्हटलं आणि सासऱ्यांना हलकेच फिरवलं. ते जागे होते. त्यांनी धाकट्या सुनेकडे पाहून हात जरा वर केला. तिनं तो धरला. ती आता दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी येऊन राहील, त्या दोन रात्रींचे गजर तिच्या वाट्याचे, असं तिनं जाऊला सांगितलं. जाऊ लगेच हो म्हणाली नाही. “बघू” म्हणाली. पण गुरुवारी ती भिंगताईच्या अंथरुणाची गादी झटकून ठेवताना दिसली.

सोमवारचं शिबिर पुस्तकाविना पार पडलं. मेट्रनबाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘दोन ते तीन तास’ असं लिहिलं, आकड्यांत नाही, शब्दांत. पुस्तकं गुरुवारी आली आणि टपालानं घरोघरी गेली. नव्या आवृत्तीत मेट्रनबाईंच्या सांगण्यावरून वेळा आणि मापं अक्षरांतही लिहिली होती. साहेबांनी एका शब्दानं कुणाला काही ऐकवलं नाही, फक्त बिलाचा कागद मात्र दोन दिवस त्यांच्या टेबलावर उघडा पडून होता.

चट्टा नवव्या दिवशी मावळला. भिंगताईनं पुढच्या पुस्तकाची पीडीएफ आली तेव्हा कॉपी केली, तुटक ओळींकडे पाहिलं आणि शॉर्टकटला हाक मारली. दोघांनी आधी एक यादी काढली: कोणत्या आकड्यांनंतर हायफन येते, कुठे येते, आणि कोणत्या लिपीत. मग ती तिथे बराच वेळ बसून राहिली. बदलाचं बटण दाबायला तिचं बोट पुढे होईना. शॉर्टकटनं घाई केली नाही. खिडकीत किटली उकळायला लागली होती, कुणीतरी उठून ती बंद केली.

“दाबू का?” ती म्हणाली.

“एकेक करून बदलू,” तो म्हणाला. “वेळ आहे.”